चिठ्ठी निघण्याआधी: प्रभागाचं आरक्षण कसं ठरतं

11 नोव्हेंबर 2025 रोजी वांद्र्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात मुंबई महापालिकेच्या 227 प्रभागांची आरक्षण सोडत झाली. असा कार्यक्रम ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो पाठ असतो. मंचावर पारदर्शक ड्रम, सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या, चिठ्ठी काढायला शाळकरी मुलं आणि समोर माजी नगरसेवक, इच्छुक, कार्यकर्ते. एक आकडा पुकारला जातो आणि कुणाची पाच वर्षांची तयारी पाण्यात जाते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘दिग्गजांना धक्का’ असा मथळा ठरलेला. ज्याचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तो तोवर घरात कुणाला उभं करायचं याचा विचार करू लागलेला असतो.

या सगळ्यामुळे आरक्षण म्हणजे नशिबाचा खेळ, असा समज झाला आहे. तो जेमतेम अर्धा खरा आहे. किती जागा कुणाला हे गणिताने ठरतं. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा कोणत्या प्रभागांत जातील हे मुख्यतः लोकसंख्येच्या यादीवरून ठरतं. इतर जागांसाठी ड्रममध्ये कोणत्या चिठ्ठ्या घालायच्या आणि कोणत्या वगळायच्या, हे मागच्या निवडणुकांचा इतिहास सांगतो. चिठ्ठीच्या वाट्याला उरतं ते शेवटचं टोक. म्हणून वाद झाले की ते बहुधा चिठ्ठीपेक्षा तिच्या आधीच्या टप्प्यांवर होतात. या प्रकरणात ते टप्पे एकेक करून पाहू.

पहिला प्रश्न: किती जागा?

1992 साली झालेल्या 73व्या आणि 74व्या घटनादुरुस्तीने देशभरच्या पंचायती आणि नगरपालिकांसाठी तीन गोष्टी सांगितल्या. अनुसूचित जाती आणि जमातींना त्या-त्या संस्थेतल्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागा. एकूण जागांपैकी किमान एक तृतीयांश महिलांना, आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या महिलाही धरायच्या. मागासवर्गाला आरक्षण द्यायचं की नाही, हे मात्र राज्यांवर सोडलं. महाराष्ट्राने महिलांसाठी 1990 सालीच तीस टक्के जागा ठेवल्या होत्या. घटनादुरुस्तीनंतर त्या एक तृतीयांश झाल्या आणि 2011 मध्ये निम्म्या. इतर मागासवर्गाला, म्हणजे सरकारी भाषेतल्या ‘नागरिकांच्या मागास प्रवर्गा’ला, 27 टक्के जागा देण्याची तरतूद राज्याने 1994 मध्ये केली.

आता मुंबईचं गणित करून पाहू. 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख 42 हजार 373. त्यात अनुसूचित जातींचे लोक सुमारे आठ लाख. आठ लाखांना एकूण लोकसंख्येने भागून 227 ने गुणलं की उत्तर साडेचौदाच्या किंचित वर येतं. अपूर्णांक अर्धा किंवा त्याहून मोठा असेल तर पूर्ण जागा धरायची, त्याहून लहान असेल तर सोडून द्यायचा. म्हणून अनुसूचित जातींना 15 जागा. अनुसूचित जमातींची लोकसंख्या सव्वा लाखाहून थोडी जास्त. तेच सूत्र लावलं की सव्वादोनच्या थोडं पुढे उत्तर येतं, म्हणून 2 जागा. मागास प्रवर्गाचे 27 टक्के म्हणजे 61.29, म्हणून 61. उरल्या 149 त्या सर्वसाधारण.

महिलांच्या जागा वेगळ्या काढून ठेवलेल्या नसतात. त्या या चारही कप्प्यांच्या आतून काढायच्या. 227 चे निम्मे 113.5, म्हणजे 114. अनुसूचित जातींच्या 15 मधल्या 8, जमातींच्या 2 मधली 1, मागास प्रवर्गाच्या 61 मधल्या 31. या झाल्या 40. आता 114 मधून 40 वजा केले की सर्वसाधारण गटातून महिलांना 74 जागा मिळतात. 149 चे निम्मे 74.5 होतात आणि नेहमीच्या नियमाने 75 धरायला हव्यात, असं कुणाला वाटेल. पण तसं केलं तर एकूण बेरीज 115 होईल. आधीच्या कप्प्यांत अर्ध्याची पूर्ण जागा झालेली असते, तिची भरपाई सर्वसाधारण गटात होते. 2025 च्या सोडतीत मुंबईचे आकडे नेमके हेच होते.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. सर्वसाधारण जागा खुल्या प्रवर्गासाठी ‘राखीव’ नसते. तिथून कोणत्याही जातीचा उमेदवार उभा राहू शकतो. ‘सर्वसाधारण (महिला)’ जागेवर कोणत्याही प्रवर्गातली स्त्री लढू शकते. तसंच जी जागा महिलांसाठी राखीव नाही ती पुरुषांची होत नाही, स्त्री तिथेही उभी राहू शकते. म्हणून सभागृहात निम्म्याहून जास्त महिला निवडून आल्या तर त्यात नियमबाह्य काही नाही.

पन्नास टक्क्यांची भिंत

मुंबईत जातिनिहाय आरक्षण 15, 2 आणि 61 मिळून 78 जागांचं, म्हणजे सुमारे 34 टक्के झालं. महिलांचं आरक्षण या कप्प्यांना आडवं छेदून जातं, त्यामुळे ते या टक्केवारीत मोजत नाहीत. पण जिथे आदिवासी किंवा दलित लोकसंख्या मोठी आहे तिथे लोकसंख्येच्या प्रमाणातल्या जागा आणि वर सरसकट 27 टक्के मिळवले की बेरीज पन्नासच्या पुढे जाते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तर अनुसूचित जमातींच्याच जागा निम्म्याहून बऱ्याच जास्त होतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2010 मध्ये कृष्णमूर्ती खटल्यात सांगितलं होतं की शिक्षण-नोकरीतलं मागासपण आणि राजकारणातलं मागासपण एक नव्हे, आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांपुढे जाऊ नये. अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासींच्या जागांपुरता अपवाद ठेवला होता. महाराष्ट्राने मात्र 27 टक्के तसेच चालू ठेवले. मग 4 मार्च 2021 रोजी विकास किसनराव गवळी खटल्यात न्यायालयाने तीन अटी घातल्या: स्वतंत्र आयोग नेमा, त्या-त्या स्थानिक संस्थेपुरती मागासपणाची ताजी माहिती गोळा करा, आणि सगळं मिळून पन्नास टक्क्यांच्या आत ठेवा. या निकालामुळे काही जिल्हा परिषदांतल्या मागास प्रवर्गाच्या जागा रिकाम्या झाल्या आणि तिथे पोटनिवडणुका घ्याव्या लागल्या. पुढे जयंतकुमार बांठिया आयोगाचा अहवाल आला, त्यावर नवे वाद झाले आणि निवडणुका रखडत गेल्या. अखेर 6 मे 2025 रोजी न्यायालयाने सांगितलं की बांठिया अहवालाच्या आधी जे आरक्षण होतं ते धरून निवडणुका घ्या. त्यानंतरही पन्नास टक्क्यांचा प्रश्न मिटला नाही. डिसेंबर 2025 मधल्या नगरपरिषद-नगरपंचायत निवडणुकांत ज्या 57 ठिकाणी मर्यादा ओलांडली गेली होती, तिथले निकाल अंतिम निर्णयाच्या अधीन ठेवले गेले.

थोडक्यात, ‘किती’ हा आकडा गणिताचा असला तरी त्यातला मागास प्रवर्गाचा हिस्सा न्यायालयात ठरत आला आहे. आता ‘कुठे’ या प्रश्नाकडे वळू. चक्रानुक्रम लागतो तो इथेच.

दुसरा प्रश्न: कुठे?

समजा एका तालुक्यात पंचायत समितीचे 12 गण आहेत. हे उदाहरण काल्पनिक आहे, आकडे सोपे ठेवले आहेत. तालुक्याची लोकसंख्या 2 लाख 40 हजार, अनुसूचित जातींची 32 हजार, अनुसूचित जमातींची 9 हजार. मघाचं सूत्र लावलं की अनुसूचित जातींना 1.6, म्हणजे 2 जागा. जमातींना 0.45, म्हणजे एकही नाही. नऊ हजार माणसं असूनही जागा नाही, कारण अपूर्णांक अर्ध्यापर्यंत पोचला नाही. मागास प्रवर्गाला 3.24, म्हणजे 3. सर्वसाधारण 7. महिलांच्या एकूण 6: अनुसूचित जातींतून 1, मागास प्रवर्गातून 2, सर्वसाधारणमधून 3.

अनुसूचित जातींच्या दोन जागा कुठे जाणार यासाठी चिठ्ठी काढत नाहीत. सगळे गण अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या टक्केवारीनुसार उतरत्या क्रमाने लावतात. आपल्या तालुक्यात गण 4 मध्ये 22 टक्के, गण 9 मध्ये 19, गण 1 मध्ये 17, गण 11 मध्ये 16, गण 6 मध्ये 15 आणि गण 3 मध्ये 13. बाकीचे त्याखाली. पहिल्या निवडणुकीत वरचे दोन, म्हणजे 4 आणि 9, राखीव होतात. त्यांपैकी महिलेसाठी कोणता हे ठरवायला चिठ्ठी पडते. ती 9 ची निघाली असं धरू.

उरलेल्या दहा गणांतून मागास प्रवर्गाचे तीन गण सोडतीने ठरतात. या प्रवर्गाची गणनिहाय लोकसंख्या जनगणनेत मोजलेली नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी उतरता क्रम लावता येत नाही, चिठ्ठीच टाकावी लागते. चिठ्ठ्या निघाल्या 2, 6 आणि 12 च्या. त्यांतून महिलांसाठी पुन्हा चिठ्ठी पडली आणि 2 व 12 निघाले. उरलेल्या सातांतून सर्वसाधारण महिलांसाठी 3, 7 आणि 10 निघाले. पहिली निवडणूक संपली.

पाच वर्षांनी दुसरी निवडणूक आली. समजा गणांच्या हद्दी आणि जनगणनेचे आकडे तेच आहेत. आता चक्र फिरतं. अनुसूचित जातींच्या यादीत 4 आणि 9 ची पाळी होऊन गेली, म्हणून त्याखालचे दोन, 1 आणि 11, राखीव होतात. चिठ्ठीने 11 महिलेसाठी निघाला. मागास प्रवर्गासाठी 2, 6 आणि 12 आधी होऊन गेले, म्हणून त्यांच्या चिठ्ठ्या ड्रममध्ये जात नाहीत. उरलेल्या सात गणांतून तीन निघाले: 4, 5 आणि 7.

या तिघांपैकी दोन महिलांसाठी हवेत. गण 7 मागच्या वेळी महिलांसाठी राखीव होता, 4 आणि 5 नव्हते. म्हणून 4 आणि 5 थेट महिलांसाठी राखीव होतात, चिठ्ठी काढण्याचा प्रश्नच येत नाही. सर्वसाधारणमध्ये उरले 2, 3, 6, 8, 9, 10 आणि 12. यांतले मागच्या वेळी महिला आरक्षणातून सुटलेले दोनच: 6 आणि 8. तेही थेट महिलांसाठी. तिसऱ्या जागेसाठी उरलेल्या पाचांतून चिठ्ठी काढली आणि ती गण 10 ची निघाली.

निकालाकडे नीट पाहा. गण 10 महिलांसाठी सलग दुसऱ्यांदा राखीव झाला. गण 1 मात्र सलग दुसऱ्यांदा महिला आरक्षणातून सुटला. गावात लगेच कुजबुज सुरू होईल की कुणीतरी ‘सेटिंग’ केलं. प्रत्यक्षात दोन्ही वेळा नियम तंतोतंत पाळला गेला आहे. गण 1 अनुसूचित जातींच्या यादीत गेला आणि तिथल्या चिठ्ठीत सुटला, म्हणून सर्वसाधारणमध्ये महिलांसाठी एक गण कमी पडला आणि तो दहाच्या माथी आला. प्रवर्ग आणि महिला अशी दोन चाकं एकाच वेळी फिरत असतात, त्यामुळे प्रत्येक गणाला आळीपाळीने नेमकी एकदा पाळी येईल अशी खात्री देता येत नाही. शंका घ्यायचीच असेल तर घ्यायची जागा वेगळी आहे. दुसऱ्या सोडतीत सहाव्या गणाची चिठ्ठी मागास प्रवर्गाच्या ड्रममध्ये दिसली, किंवा आठव्या गणाला थेट राखीव करण्याऐवजी त्याची चिठ्ठी टाकली गेली, तर तिथे नियम मोडला.

आता गण 6 च्या सदस्याचा विचार करा. पहिल्या वेळी तो मागास प्रवर्गाच्या जागेवर निवडून आला. दुसऱ्या वेळी तो गण सर्वसाधारण महिलांचा झाला. त्याला घरातली बाई उभी करावी लागेल, शेजारचा गण शोधावा लागेल किंवा घरी बसावं लागेल. आणि हे सोडतीच्या किती तरी आधी, कागद-पेन्सिल घेऊन बसला असता तर त्याला स्वतःलाही बहुतांशी कळलं असतं. मुरलेले कार्यकर्ते हा हिशोब करतातच.

दोन जागांचा प्रभाग

वरचा सगळा खटाटोप एका मतदारसंघातून एकच सदस्य निवडायचा असेल तिथला आहे: मुंबई महापालिका, जिल्हा परिषदेचे गट, पंचायत समितीचे गण. नगरपरिषदांत साधारणपणे एका प्रभागातून दोन सदस्य निवडतात. मुंबई सोडून इतर महापालिकांत बहुतेक ठिकाणी चार. पुण्यात 2025 मध्ये 41 प्रभागांतून 165 नगरसेवक निवडायचे होते. त्यांतले 40 प्रभाग चार सदस्यांचे आणि एक पाच सदस्यांचा.

अशा ठिकाणी महिलांच्या आरक्षणाचा रंगच बदलतो. नगरपरिषदेच्या दोन जागांच्या प्रभागात एक जागा महिलेची असते, प्रत्येक प्रभागात, प्रत्येक निवडणुकीत. ‘आमचा प्रभाग महिलांसाठी गेला’ ही तक्रारच उरत नाही. चिठ्ठी ठरवते ती फक्त दोनपैकी कोणती जागा महिलेची. एका प्रभागात ‘अ’ जागा अनुसूचित जातींसाठी आणि ‘ब’ सर्वसाधारण आहे असं धरू. सोडतीत ‘अ’ अनुसूचित जाती (महिला) निघाली, तर ‘ब’ आपोआप सर्वसाधारण राहते. ‘अ’ महिलेसाठी निघाली नाही, तर ‘ब’ आपोआप सर्वसाधारण (महिला) होते. दोन्ही जागा सर्वसाधारण असतील तर चिठ्ठीचीही गरज नाही, एक महिलेची आणि एक सर्वांसाठी खुली.

म्हणजे या व्यवस्थेत सर्वसाधारण जागेवर डोळा ठेवून बसलेल्या पुरुष उमेदवाराचं भवितव्य शेजारच्या राखीव जागेच्या चिठ्ठीवर अवलंबून असतं. अनुसूचित जातींची जागा महिलेसाठी निघाली की तो सुटला. चार जागांच्या प्रभागात हाच हिशोब दोन महिला जागांसाठी होतो आणि शक्यता वाढतात. एकूण, प्रभाग जितका मोठा तितका फिरतीचा धक्का सौम्य. त्याची किंमत मतदार मोजतो, कारण चौघांपैकी नेमका जबाबदार कोण हे त्याला कळत नाही.

चक्र कुठे तुटतं

चक्रानुक्रम आठवणीवर चालतो. मागच्या वेळी कोण राखीव होतं हे माहीत असेल तरच या वेळी कोणाला वगळायचं ते कळतं. आणि ही आठवण फार सहज पुसली जाते.

सगळ्यात सामान्य कारण म्हणजे प्रभागरचना. हद्दी बदलल्या, सदस्यसंख्या वाढली किंवा घटली की जुना गण 4 राहतच नाही. त्याचा एक तुकडा नव्या 3 मध्ये, दुसरा 5 मध्ये. मग आधी कोण राखीव होतं, 3 की 5? यासाठी जनगणनेचे प्रगणक गट धरून जुनी लोकसंख्या मुख्यतः कुठे गेली ते पाहावं लागतं. हद्द ज्याने आखली त्याने, हेतू असो वा नसो, आरक्षणाचा इतिहासही आखलेला असतो. प्रभागरचनेवरच्या हरकतींत एखादी वस्ती या बाजूला की त्या बाजूला यावरून इतका आटापिटा का होतो, त्याचं एक कारण हे आहे. दलितवस्ती प्रभागात आली की टक्केवारी वाढते आणि प्रभाग यादीत वर सरकतो.

मुंबईने याचा चांगलाच अनुभव घेतला. मे 2022 मध्ये 236 प्रभाग धरून सोडत निघाली. त्या वेळी महिलांच्या जागा ठरवताना 2007, 2012 आणि 2017 या तीन निवडणुकांचा इतिहास तपासला होता. तिन्ही वेळा महिला आरक्षणातून सुटलेल्या प्रभागांना पहिलं प्राधान्य देऊन थेट राखीव केलं होतं. जुलैअखेर मागास प्रवर्गाच्या जागा धरून पुन्हा सोडत झाली. ऑगस्टमध्ये राज्य सरकारने प्रभागांची संख्या परत 227 केली आणि दोन्ही सोडती कागदावरच राहिल्या. काही महिन्यांत ज्याचा प्रभाग दोनदा बदलला, त्या इच्छुकाला शेवटी मूळ जागीच यावं लागलं, आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी 2026 मध्ये.

दुसरं कारण अधिक सरळ आहे: सरकार नियमच बदलतं. जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांसाठी राज्याने 20 ऑगस्ट 2025 रोजी नवे नियम काढले. त्यांनी जुने नियम रद्द केले आणि पुढची निवडणूक ही चक्रानुक्रमासाठी पहिली निवडणूक समजावी असं म्हटलं. म्हणजे पाटी कोरी. याला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आव्हान दिलं गेलं. खंडपीठाने सप्टेंबर 2025 मध्ये ते फेटाळलं.

याचा अर्थ आपल्या तालुक्यात काय होईल ते पाहा. तिसऱ्या निवडणुकीत यादी जिथे थांबली होती तिथून पुढे चालली असती तर गण 6 आणि गण 3 यांची पाळी होती. पाटी कोरी झाल्यावर यादी पुन्हा वरून सुरू होते आणि 4 व 9 दुसऱ्यांदा राखीव होतात. गण 3 मधल्या 13 टक्के अनुसूचित जातींच्या मतदारांना स्वतःचा राखीव प्रतिनिधी निवडण्यासाठी आणखी दोन फेऱ्या थांबावं लागेल, तेही मध्ये पुन्हा पाटी पुसली गेली नाही तर. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे 2025 मध्येही उतरता क्रम 2011 च्या आकड्यांवर लागला. आकडे तेच आणि हद्दी फारशा बदलल्या नसतील तर यादीची सुरुवातही तीच निघणार. सरकारच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. हद्दी आणि संख्या वारंवार बदलल्यावर दोन दशकांचा माग काढत बसणं अवघड, आणि अर्धवट माग काढला तर त्यातून नवे खटले. तरीही कोऱ्या पाटीचा फायदा-तोटा कुणाला होतो हे यादी पाहून आधीच सांगता येतं, आणि अडचण तीच आहे.

फिरवायचंच कशाला?

जागा फिरत राहिली की दोन गोष्टी घडतात आणि त्या एकमेकींच्या विरोधात आहेत. एकाच प्रभागावर कायमचं आरक्षण बसत नाही, संधी गावभर वाटली जाते, हा लाभ. पण पुढच्या वेळी आपल्याला इथून लढता येणार नाही हे माहीत असलेल्या सदस्याला मतदारांपुढे पुन्हा जाण्याची फिकीर राहत नाही, हा तोटा. आणि राखीव जागेवर पहिल्यांदा निवडून आलेल्या बाईला काम कळेपर्यंत पाच वर्षं संपतात, मग जागा खुली होते आणि पक्ष तिचं तिकीट कापतो.

हे आरक्षण जागा गेल्यावर काही मागे ठेवतं का, याचं उत्तर मुंबईच्याच चिठ्ठ्यांनी दिलं आहे. राज्यशास्त्राचे अभ्यासक रिखिल भावनानी यांनी मुंबई महापालिकेच्या 1997 आणि 2002 च्या निवडणुका तपासल्या. त्यांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. महिलांचे प्रभाग चिठ्ठीने ठरले होते, त्यामुळे राखीव झालेले आणि न झालेले प्रभाग मुळात सारखेच होते. दोहोंतला पुढचा फरक आरक्षणामुळेच आला असं म्हणता येतं. 2002 मध्ये खुल्या असलेल्या प्रभागांची तुलना केली तेव्हा दिसलं की 1997 मध्ये जे महिलांसाठी राखीव होते, तिथून स्त्री निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट होती. तरीही ती शक्यता निम्म्याच्या जवळपास कुठेच नव्हती. आरक्षणाने काही बायका टिकल्या, बऱ्याच टिकल्या नाहीत.

तपासायचं कसं

आपल्या गावच्या किंवा शहराच्या सोडतीबद्दल शंका असेल तर कोणत्या टप्प्यावर ती घ्यायची हे आता स्पष्ट व्हावं. प्रथम संख्या जुळवा: लोकसंख्या भागिले एकूण लोकसंख्या, गुणिले जागा, आणि अर्ध्याचा नियम. मग अनुसूचित जाती-जमातींच्या उतरत्या क्रमाची प्रभागनिहाय यादी मागा. ती कार्यालयात असलीच पाहिजे. यादीतला वरचा प्रभाग सोडून खालचा घेतला असेल, तर मागच्या कोणत्या निवडणुकीमुळे वगळला ते विचारा. त्यानंतर मागास प्रवर्ग आणि महिलांच्या सोडतीत कोणत्या चिठ्ठ्या ड्रममध्ये गेल्या आणि कोणत्या वगळल्या, याची नोंद पाहा. थेट राखीव केलेल्या प्रभागांचं कारण तिथेच लिहिलेलं असतं.

हे सगळं वेळेत करावं लागतं. सोडतीनंतर प्रारूप आरक्षण प्रसिद्ध होतं आणि हरकती-सूचनांसाठी मोजके दिवस मिळतात. त्यांवर निर्णय झाला की अंतिम आरक्षण राजपत्रात येतं. निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाल्यावर न्यायालयं सहसा हात घालत नाहीत. घटनेतच तशी तरतूद आहे आणि मग निवडणूक याचिकेची वाट पाहावी लागते. चौकात ‘सोडत मॅनेज केली’ म्हणून ओरडणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. उतरत्या क्रमाच्या यादीतला प्रभाग क्रमांक आणि टक्केवारी लिहून मुदतीत दिलेली लेखी हरकत मात्र कार्यालयाला विचारात घ्यावीच लागते. पुढच्या वेळी प्रारूप प्रसिद्ध होईल तेव्हा तुमच्या प्रभागाचा आकडा आधी शोधा, आणि तो चुकला असेल तर त्याच आठवड्यात अर्ज द्या.